दोन चांगदेव, एक रिद्धपूर: धर्मेतिहासाच्या ग्रंथाची सूची कशी करतात

तेराव्या शतकातल्या महानुभाव पंथावर एक 320 पानांचा संशोधनग्रंथ छापायला तयार आहे, असं समजू या. पानं जुळली आहेत, प्रूफं वाचून झाली आहेत, आता शेवटची दहा-बारा पानं सूचीसाठी राखली आहेत. या ग्रंथाचा वाचक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा असेलच असं नाही. एखादी विद्यार्थिनी त्यात फक्त एवढंच शोधायला येईल की पंथातल्या स्त्रियांनी काय लिहिलं. दुसरा कोणी रिद्धपूरबद्दल शोधेल. तिसऱ्याला चांगदेव हवे असतील, आणि कोणते चांगदेव ते त्याला स्वतःलाही नक्की माहीत नसेल. या तिघांना योग्य पानावर नेणं हे सूचीचं काम.

अनेकांना वाटतं की हे काम संगणक करून देईल: शब्द शोधायचा, पानं मिळतात. मराठीत हे पहिल्याच पायरीवर अडतं. ‘रिद्धपूर’ असा शोध घेतला तर ‘रिद्धपुरास’, ‘रिद्धपुरात’, ‘रिद्धपुराहून’ यातलं काहीच सापडत नाही, कारण विभक्ती लागली की दीर्घ ‘पू’चा ऱ्हस्व ‘पु’ होतो. आणि ग्रंथात गावाचं नाव प्रथमा विभक्तीत फार कमी वेळा येतं. लोक तिथे जातात, तिथे राहतात, तिथून निघतात. शिवाय काही प्रकाशकांकडे पुस्तक अजूनही जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेलं असतं. त्यात पडद्यावर दिसणारं अक्षर आणि संगणकाने साठवलेली खूण यांचा मेळच नसतो, म्हणून तिथे युनिकोडमध्ये टाइप केलेला शब्द सापडतच नाही.

पण समजा हे सगळं सुटलं, तरी मूळ अडचण राहतेच. शोध शब्द सापडवतो आणि वाचकाला विषय हवा असतो. हा फरक एका परिच्छेदावर पाहू. पान 112 वर असा मजकूर आहे असं धरा (परिच्छेद उदाहरणासाठी मीच रचला आहे, खाली येणारे पृष्ठांकही त्याच हेतूने आहेत):

> चक्रधर उत्तरापंथे गेल्यावर नागदेवाचार्य आणि महदाइसा रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. गोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवासाठी महदाइसेने रचलेले धवळे इथलेच. पुढे म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, त्याही इथेच. पंथ विखुरला नाही, याचे एक कारण हे केंद्र होते.

यातून किती नोंदी निघतात? नावं सोपी आहेत. गोविंदप्रभू, नागदेवाचार्य, महदाइसा, म्हाइंभट, रिद्धपूर. ग्रंथ आणि रचना: धवळे, लीळाचरित्र. इथवर नामसूची झाली, आणि बऱ्याच मराठी ग्रंथांच्या सूच्या इथेच थांबतात. पण परिच्छेद नेमकं काय सांगतो? संस्थापक निघून गेल्यावर पंथ कसा टिकला, ते सांगतो. म्हणून ‘महानुभाव पंथ’ या मुख्य नोंदीखाली ‘चक्रधरांनंतरचं संघटन’ अशी उपनोंद हवी. आणि ती विद्यार्थिनी? तिच्यासाठी ‘स्त्रिया’ या नोंदीखाली ‘रचनाकार म्हणून’ अशी उपनोंद हवी. परिच्छेदात ‘स्त्री’ हा शब्द एकदाही नाही. महदाइसा ही मराठीतली आद्य कवयित्री म्हणून ओळखली जाते, हे सूचीकाराला माहीत असलं पाहिजे. निदान ग्रंथ वाचताना ते त्याच्या लक्षात राहिलेलं असलं पाहिजे.

उलट बाजूने, चक्रधर उत्तरेकडे गेल्याचा उल्लेख पहिल्याच वाक्यात आहे, तरी मी त्याची नोंद या पानावर घेणार नाही. इथे ती घटना फक्त काळ सांगण्यासाठी आली आहे, तिच्याबद्दल नवं काही कळत नाही. ‘चक्रधर: उत्तरापंथे गमन’ शोधणारा वाचक 112 वर आला तर हात हलवत परत जाईल. मी स्वतःला प्रत्येक उल्लेखापाशी हेच विचारत जाते की एवढ्यासाठी वाचकाने पान उलटलं तर त्याला काही मिळेल का. धर्मेतिहासात हा प्रश्न जास्तच छळतो, कारण संस्थापकाचं नाव जवळजवळ प्रत्येक पानावर असतं.

आता नावांकडे येऊ. धर्मेतिहासाच्या सूचीत सर्वांत जास्त डोकं नावांवरच खर्च होतं.

एकाच माणसाची अनेक नावं हा पहिला प्रकार. नागदेवाचार्य म्हणजेच भटोबास. गोविंदप्रभू म्हणजेच गुंडम राऊळ, आणि पंथात श्रीप्रभूही. महदाइसा म्हणजेच महदंबा. गावांचंही तेच: रिद्धपूर जुन्या लेखनात ऋद्धिपूर होतं. लेखक एका प्रकरणात एक नाव वापरतो, दुसऱ्यात आधारग्रंथाच्या ओघात दुसरं. सूचीकाराने यातलं एक नाव निवडायचं, सगळे पृष्ठांक तिथे एकत्र करायचे आणि बाकीच्या नावांपासून तिकडे बोट दाखवायचं:

```
ऋद्धिपूर  पाहा  रिद्धपूर
गुंडम राऊळ  पाहा  गोविंदप्रभू
भटोबास  पाहा  नागदेवाचार्य
```

कोणतं नाव मुख्य ठेवायचं? लेखकाने ग्रंथात सर्वांत जास्त वापरलेलं. सूचीकाराला दुसरं आवडत असलं तरी सूची त्या पुस्तकाची असते. आणि नावांपुढची ‘संत’, ‘श्री’, ‘सर्वज्ञ’ ही बिरुदं क्रम लावताना सोडून द्यायची, नाहीतर निम्मी सूची ‘स’ आणि ‘श’ खाली गोळा होते.

एकाच नावाची दोन माणसं हा दुसरा प्रकार, आणि तो जास्त धोक्याचा. चांगदेव म्हटलं की बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे वाघावर बसून आलेले चांगदेव येतात, ज्यांना ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहून पाठवल्या. ते चांगदेव वटेश्वर. महानुभाव ग्रंथांतले चांगदेव मात्र फलटणचे चांगदेव राऊळ, म्हणजे चक्रपाणी. दोघांचा काही संबंध नाही. एखाद्या ग्रंथात दोघेही येतात, आणि मजकुरात बहुधा नुसतं ‘चांगदेव’ असं असतं. घाईत सूची केली की दोघांचे पृष्ठांक एका नोंदीत जातात आणि मुक्ताबाईचे शिष्य महानुभावांचे अवतार होऊन बसतात. म्हणून नावासोबत ओळख द्यावीच लागते:

```
चांगदेव राऊळ  पाहा  चक्रपाणी
चांगदेव वटेश्वर (ज्ञानेश्वरकालीन योगी), 27, 203–205
```

चक्रपाणींची गोष्ट इथे संपत नाही. पंथाच्या परंपरेनुसार चक्रपाणींनी देह ठेवला आणि हरपाळदेव या मृत प्रधानपुत्राच्या देहात प्रवेश केला. तेच पुढे चक्रधर. म्हणजे श्रद्धेच्या दृष्टीने चक्रपाणी आणि चक्रधर यांच्यात सातत्य आहे, तरी श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर या पंचकृष्णांत दोघांची गणना स्वतंत्र होते. सूचीत त्यांना एक करावं की वेगळं? मी दोन स्वतंत्र नोंदी ठेवते, ‘चक्रधर’खाली ‘परकायाप्रवेशाची परंपरा’ अशी उपनोंद देते आणि दोन्हीकडे ‘हेही पाहा’ लिहिते. एक केलं तर सूची श्रद्धेच्या बाजूने कौल देते. परकायाप्रवेशाचा उल्लेखच गाळला तर ती श्रद्धेला बाद करते. दोन्ही निर्णय लेखकाचे आहेत, सूचीकाराचे नाहीत.

उपनोंदींच्या शब्दांनाही हीच काळजी लागते. चक्रधरांच्या आयुष्याचा शेवट पंथ ‘उत्तरापंथे गमन’ म्हणून सांगतो, अभ्यासकांनी त्याची वेगवेगळी चिकित्सा केली आहे. तुकारामांच्या बाबतीत ‘वैकुंठगमन’, ज्ञानेश्वरांच्या बाबतीत ‘संजीवन समाधी’ हे शब्द असेच येतात. सूचीत सरळ ‘मृत्यू’ असं लिहिलं तर भाविक वाचक दुखावतो, आणि महत्त्वाचं म्हणजे तो तो शब्द शोधणारच नाही. नुसतं ‘उत्तरापंथे गमन’ लिहिलं तर लेखकाने तीन पानं केलेली चिकित्सा झाकली जाते. माझ्या मते परंपरेचा शब्द उपनोंदीला द्यावा आणि त्याखाली मजकूर दोन भागांत दाखवावा. नोंद पूर्ण झाल्यावर अशी दिसते:

```
चक्रधर
    उत्तरापंथे गमन: परंपरा, 98–99; चिकित्सा, 99–101
    गुजरातेतील पूर्वायुष्य, 41–44
    गोविंदप्रभूंशी भेट, 45–46
    परकायाप्रवेशाची परंपरा, 38–40
    स्त्री-शिष्यांविषयी भूमिका, 74–79, 83
    हेही पाहा  चक्रपाणी; लीळाचरित्र; सूत्रपाठ
```

पंथाच्या नावातही असाच पेच आहे. जुन्या लेखनात आणि बोलण्यात ‘मानभाव’ हे रूप सर्रास येतं, आणि अनेकदा हिणवण्यासाठी. वाचक त्या शब्दाने शोधू शकतो, म्हणून ‘मानभाव पाहा महानुभाव पंथ’ ही ओळ लागतेच. पण लेखकाने या हेटाळणीवरच काही पानं लिहिली असतील तर तेवढी ओळ पुरत नाही. मग ‘महानुभाव पंथ’खाली ‘समाजातील हेटाळणी, 210–214’ अशी उपनोंद द्यावी लागते.

उपनोंदी पाडायच्या कधी? सर्वसाधारण ठोकताळा असा की एका नोंदीपुढे पाच-सहापेक्षा जास्त पृष्ठांक साचले की ती फोडावी. ‘रिद्धपूर, 12, 45, 58, 61, 77, 90, 112, 118, 131, 140, 166, 201’ ही ओळ वाचकाला काहीच सांगत नाही. बारा पानं उलटा, एवढाच त्याचा अर्थ. पण फोडताना ती प्रकरणांच्या शीर्षकांवरून फोडू नये, वाचक काय विचारेल त्यावरून फोडावी. रिद्धपूरबद्दल लोक तीन-चार गोष्टी विचारतात: गोविंदप्रभूंचं वास्तव्य, पंथाचं केंद्र म्हणून भूमिका, तिथलं ग्रंथलेखन, आजची यात्रा. एवढं केलं की बारातले दोन-तीन पृष्ठांक कुठेच बसत नाहीत. ते बहुधा ओझरते उल्लेख असतात आणि बिनधास्त काढून टाकता येतात. नोंद फोडण्याचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो, कारण निरुपयोगी उल्लेख आपोआप उघडे पडतात.

पृष्ठांकांच्या लिहिण्यातही अर्थ असतो. ‘98–101’ म्हणजे चर्चा सलग चार पानं चालू आहे. ‘98, 99, 101’ म्हणजे तीन वेगवेगळे उल्लेख. पहिलं दिसलं की वाचक बसून वाचायची तयारी करतो. तळटिपेतला मजकूर असेल तर ‘112 टी.’ असं लिहितात, म्हणजे वाचक पानाच्या तळाशी बघतो.

आता ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ यांच्यातला फरक, कारण इथे चुका फार होतात. ‘पाहा’ म्हणजे इथे काहीच नाही, तिकडे जा. म्हणून ‘पाहा’ असलेल्या नोंदीपुढे पृष्ठांक कधीच येत नाहीत. ‘हेही पाहा’ म्हणजे इथे पृष्ठांक आहेत, आणि जोडीला तिकडेही जवळचं काही आहे. ‘लीळाचरित्र’खाली ‘हेही पाहा म्हाइंभट’ रास्त आहे. ‘लीळाचरित्र’खाली ‘हेही पाहा ग्रंथरचना’ असं लिहिलं आणि ‘ग्रंथरचना’खाली तेच पृष्ठांक पुन्हा दिले, तर वाचकाची फुकटची फेरी होते. त्याहून वाईट म्हणजे ‘गुंडम राऊळ पाहा श्रीप्रभू’ आणि ‘श्रीप्रभू पाहा गुंडम राऊळ’, जिथे वाचक नुसता गोल फिरतो. आणि काम चालू असताना मुख्य नोंद बदलली, पण जुना निर्देश तसाच राहिला, तर वाचक सूचीत नसलेल्या नोंदीकडे पाठवला जातो. या दोन्ही चुका पानं वाचून कळत नाहीत. शेवटी सगळे ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ एका यादीत काढून प्रत्येकाच्या मागे जावंच लागतं.

एक सवलत मात्र आहे. नोंद छोटी असेल, समजा दोनच पृष्ठांक असतील, तर वाचकाला दुसरीकडे पाठवण्याऐवजी दोन्ही नावांपुढे ते दोन आकडे लिहून मोकळं व्हावं. ‘महदंबा पाहा महदाइसा’ लिहायला जेवढी जागा लागते तेवढ्यातच आकडे बसतात. पण महदाइसेखाली चार उपनोंदी असतील तर ही सवलत घेऊ नये. मग दोन ठिकाणच्या नोंदी वेगवेगळ्या होत जातात आणि एका ठिकाणी दुरुस्त केलेला आकडा दुसरीकडे चुकीचाच राहतो.

अकारविल्हे क्रम हा मराठी सूचीकाराचा खास त्रास. क्रम लावायचं काम संगणकावर सोपवलं आणि त्याने अक्षरांच्या नुसत्या संकेतक्रमांकावर तो लावला, तर ‘ज्ञानेश्वर’ ‘ज’च्या शेवटी जातात. कारण युनिकोडमध्ये ‘ज्ञ’ हे वेगळं अक्षर नाही. तो ज, हलन्ताची खूण आणि ञ मिळून होतो. मराठी वाचक मात्र वर्णमालेच्या शेवटी, क्ष-ज्ञपाशी शोधतो. ‘ळ’चंही तेच: संकेतक्रमात तो ‘ल’च्या लगेच मागे आणि ‘व’च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर. अनुस्वाराबाबत तर मराठी कोशांतही एकच रीत नाही. बाराखडीप्रमाणे ‘पं’ हे ‘पौ’नंतर येतं, मग ‘पंचकृष्ण’ आणि ‘पंढरपूर’ ‘प’च्या जवळजवळ शेवटी जातात, संकेतक्रमात ते ‘प’च्या सुरुवातीला येतात. दोन्ही चालेल, पण एकच पद्धत शेवटपर्यंत हवी. ती सूचीच्या माथ्यावर एका वाक्यात सांगितली की झालं.

धर्मेतिहासाच्या ग्रंथाला आणखी एक छोटी सूची लागते, ती उद्धृत वचनांची. अभ्यासक अनेकदा विषय घेऊन येत नाही, एक लीळा घेऊन येतो: या लीळेबद्दल लेखकाने काही म्हटलं आहे का? ही सूची अकारविल्हे लावत नाहीत. लीळाचरित्राच्या एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध या क्रमाने आणि त्यात लीळांच्या क्रमांकाने लावतात. अडचण अशी की शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी संपादित केलेल्या आवृत्त्यांत हे क्रमांक एकसारखे नाहीत. लेखकाने एका प्रकरणात एक आवृत्ती आणि दुसऱ्यात दुसरी वापरली असेल तर एकच लीळा सूचीत दोन ठिकाणी येते, आणि क्रमांक बरोबर असल्यामुळे चूक दिसतच नाही. म्हणून क्रमांकासोबत लीळेचं शीर्षक लिहावं आणि शीर्षकं एकदा डोळ्यांखालून घालावीत. जुळी लगेच सापडते. मग दोन्हीपैकी एका आवृत्तीचे क्रमांक घ्यावेत आणि कोणती ते सूचीच्या माथ्यावर लिहावं.

सूची झाल्यावर मी ती दोन दिशांनी तपासते. आधी सूचीकडून ग्रंथाकडे: प्रत्येक अक्षरातल्या दोन-तीन नोंदी घ्यायच्या आणि ते पान उघडून मजकूर खरंच तिथे आहे का ते पाहायचं. सलग तीन-चार नोंदी एकेका पानाने चुकत असतील तर समजावं की सूची सुरू झाल्यावर कोणीतरी मजकुरात दोन ओळी घातल्या आणि पानं सरकली. त्या जागेपुढचे सगळेच आकडे मग पुन्हा पाहावे लागतात. नंतर ग्रंथाकडून सूचीकडे: मधलं कुठलंही पान उघडायचं, त्यातला मुख्य मुद्दा एका शब्दात स्वतःला सांगायचा, आणि तो शब्द सूचीत आहे का ते बघायचं. दुसऱ्या दिशेने जे सापडत नाही, ते बहुधा नाव नसतं, विषय असतो.